निळा हायलायटर

चि. ओंकार,

परवा व्हिडिओ कॉल चालू असताना तू पाणी आणायला उठलास आणि माझ्यासमोर तुझं टेबल तेवढं उरलं. लॅपटॉपला एक निळी, हायलायटरएवढी वस्तू चार्जिंगला लावलेली दिसली. हायलायटर चार्ज करावा लागत नाही, एवढं कराडच्या बाईलाही कळतं. रात्री मेसेज करून विचारलं, तर दहा मिनिटांत तुझं उत्तर आलं, "व्हेप आहे, आई. सप्टेंबरपासून. पण नुसता ब्लूबेरीचा फ्लेवर आहे, सिगारेट नाही." खरं बोललास, म्हणून त्या रात्री मला झोप लागली. पण ते "नुसता फ्लेवर" डोक्यातून जाईना. त्याबद्दलच लिहिते आहे.

रागावण्यासाठी लिहीत नाही. बावीस वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभी आहे. रागावल्याने कुणाचं व्यसन सुटलेलं मी पाहिलेलं नाही. आपल्या आबांचंच बघ ना. ओसरीवर बसून तळहातावर तंबाखू मळणारे आबा तुला आठवत असतील. तंबाखूची चिमूट, नखावर चुना, अंगठ्याने दोन मिनिटं मळायचं, फटका मारून भुकटी उडवायची आणि बार भरायचा. एकदा चुन्याची डबी रिकामी निघाली, तर भर उन्हात तुझ्या काकाला दुकानावर पिटाळलं होतं. चुन्याशिवाय तंबाखू "लागत नाही" म्हणायचे. ते अगदी बरोबर होतं, आणि तुझ्या हायलायटरचं गुपितही त्या चुन्यातच आहे.

निकोटिन स्वभावाने अल्कली आहे. तंबाखूच्या पानात ते आम्लांना बांधलेलं असतं आणि त्या रूपात गालाच्या आतल्या कातडीतून सहज शिरत नाही. चुना आम्ल मारतो, निकोटिन मोकळं होतं आणि भराभर रक्तात उतरतं. मात्र हेच मोकळं निकोटिन घशाला झोंबतं. नववीत असताना मामाच्या मळ्यात तू बिडी ओढून पाहिलीस आणि खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं, ते आठवतं? मामाने मला सांगितलं होतं; मी तुला दाखवलं नाही इतकंच. तो खोकला म्हणजे घशाने घातलेला पहारा होता.

व्हेपवाल्यांनी हा पहाराच उठवला. आबा चुना घालायचे. यांनी उलट केलं, निकोटिनमध्ये आम्ल घातलं, बहुतेक वेळा बेंझोइक आम्ल. त्याला निकोटिन सॉल्ट म्हणतात. २०१५ च्या सुमारास अमेरिकेत हा प्रकार बाजारात आला आणि बघता बघता कॉलेजांतून पसरला. सॉल्ट घशाला झोंबत नाही, आणि फुप्फुसाचा पसारा इतका मोठा की तिथून रक्तात जायला त्याला चुन्याची गरजच पडत नाही. काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं. तुला जे गोड, गुळगुळीत, निरुपद्रवी वाटतं, ते निकोटिन कमी असल्यामुळे नाही. ते बोचत नाही, म्हणून कळत नाही.

तुझ्या बाजूचंही मांडायला हवं. व्हेपमध्ये काही जळत नाही. प्रॉपिलीन ग्लायकोल आणि ग्लिसरीनच्या पातळ मिश्रणात निकोटिन आणि फ्लेवर असतो, तापलेली कॉइल त्याचे बारीक थेंब करते, आणि धूर दिसतो तो त्या थेंबांचा. सिगारेटच्या धुरातलं डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड त्यात नसतं. होन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ मध्ये हे यंत्र बनवलं. तो स्वतः सिगारेट ओढायचा आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले होते. तुमच्या इंग्लंडात तर सिगारेट सोडू पाहणाऱ्याला डॉक्टरच व्हेप सुचवतात. चाळीस वर्षं सिगारेट ओढणाऱ्याला ही एक पायरी उतरण्याची सोय आहे. तू मात्र जमिनीवर उभा होतास. तुझ्यासाठी ती चढायची पायरी झाली. आणि ब्लूबेरीचं म्हणशील, तर खाण्याचे फ्लेवर पोटासाठी तपासलेले असतात. लोण्याचा वास देणाऱ्या डायअॅसिटिलने अमेरिकेतल्या पॉपकॉर्न कारखान्यांत कामगारांची फुप्फुसं खराब केली होती. तुमच्याकडे व्हेपच्या लिक्विडमध्ये त्याला बंदी आहे, पण पोट आणि फुप्फुस यांत केवढा फरक आहे ते त्यावरून कळतं.

आता तुझा हिशोब करू. दोन दिवसांत एक पॉड संपतो, असं तू लिहिलंस. ब्रिटनच्या नियमाने पॉडमध्ये जास्तीत जास्त २ मिलिलिटर लिक्विड आणि एका मिलिलिटरला जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम निकोटिन चालतं. तुझ्या पॉडच्या फोटोवर २० चा आकडा आहे. म्हणजे पॉडमध्ये ४० मिलिग्रॅम, रोजचे २०. हे सगळं रक्तात जात नाही, बरंचसं हवेत सुटतं. म्हणून याच्या सिगारेटी करून मी तुला घाबरवणार नाही. एका सिगारेटमधून साधारण एक ते दीड मिलिग्रॅम निकोटिन अंगात जातं, एवढं फक्त शेजारी ठेवून बघ.

आकड्यापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटते. सिगारेट संपते. पेटवावी लागते, बाहेर थंडीत जावं लागतं, थोटूक टाकलं की तो प्रसंग मिटतो. व्हेपला शेवट नाही. उशाशी, पुस्तकाशेजारी, खिशात; एक ओढ, मग दहा मिनिटांनी आणखी एक. किती झाल्या ते कुणी मोजत नाही. त्यात रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्म्यावर येतं. ते उतरलं की चिडचिड होते, लक्ष लागत नाही, उगाच उठावंसं वाटतं. असाइनमेंट समोर असते, म्हणून तुला वाटतं हा अभ्यासाचा ताण. एक ओढ घेतलीस की बरं वाटतं, मग वाटतं व्हेपने ताण घालवला. अरे, त्याने स्वतःच आणलेला ताण तो थोड्या वेळासाठी परत नेतो, एवढंच! आबाही म्हणायचे, बार भरल्याशिवाय डोकं चालत नाही. तंबाखू लागण्याआधी त्यांचं डोकं चांगलं चालत होतं, हे कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

आपण कुठवर आलो हे तुझं तुला बघता येईल. सकाळी जाग आल्यावर पहिली ओढ किती वेळाने घेतोस? डॉक्टर व्यसनाची खोली जोखताना हा प्रश्न आवर्जून विचारतात. दुपारपर्यंत आठवण झाली नाही, तर सोपं आहे. अर्ध्या तासाच्या आत हात जात असेल, तर लागलं म्हणायचं. पाच मिनिटांच्या आत जात असेल, तर एकट्याने झगडू नकोस. मला उत्तर कळवायलाच हवं असं नाही. स्वतःशी खोटं बोलू नकोस.

सोडायचं ठरवलंस तर दोन वाटा आहेत. एका दिवसात बंद करता येतं. पहिले दोन-तीन दिवस फार वाईट जातात, मग उतार पडतो आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. तलफ आली तरी थोड्या मिनिटांत विरते. तेवढ्या वेळात जिना उतरून चढ, मला फोन कर. फक्त परीक्षेच्या आठवड्यात हा प्रयोग नको.

दुसरी वाट उतरत्या भाजणीची. २० वरून १० वर, मग आणखी खाली, शेवटी शून्यावर. इथे एक खोड आहे. निकोटिन कमी झालं की शरीर गुपचूप भरपाई करतं; ओढ खोल होते, वरचेवर होते, माणसाला वाटतं मी निम्म्यावर आलो. म्हणून नवा पॉड लावलास की त्यावर मार्करने तारीख टाक. १० चा पॉडही दोन दिवस पुरला, तर खरंच निम्म्यावर आलास. एका दिवसात संपला, तर होतास तिथेच आहेस. मग तिथेच थोडं थांबायचं, पुढची पायरी घाईने उतरायची नाही. आणि उशाशी ठेवू नकोस, दाराजवळच्या जॅकेटमध्ये ठेव. अंथरुणातून उठावं लागलं तरी काही ओढी आपोआप गळतात.

तलफ फारच छळायला लागली तर निकोटिनची पट्टी किंवा च्युइंगगम मिळतो. पट्टी दिवसभर सावकाश निकोटिन देते, गम अडल्यावेळी. माझ्याकडून गम नेणारी दहातली आठ माणसं तो चुकीचा चघळतात. सारखा चावायचा नसतो. तिखटसर चव आली की गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायचा, चव गेली की पुन्हा दोन-चारदा चावायचा. लाळेबरोबर गिळला तर उचक्या लागतात आणि पोट बिघडतं. आणि गमच्या आधी पंधरा मिनिटं कॉफी नाही, कोल्ड्रिंक नाही; त्यांच्या आम्लाने निकोटिन गालातून शिरत नाही. बघ, पुन्हा आबांचा चुना आला! किती मिलिग्रॅमचा घ्यायचा, हे मात्र तिथल्या फार्मासिस्टला नाहीतर जीपीला विचार. व्हिसाच्या वेळी आरोग्य सेवेचे वर्षाला ७७६ पौंड भरलेत आपण, त्यामुळे विचारायला लाजू नकोस.

डिसेंबरला येशील तेव्हा ते यंत्र बॅगेत नको. आपल्याकडे २०१९ पासून ई-सिगारेटला कायद्याने बंदी आहे. विकणं, साठवणं आणि बाहेरून आणणंही गुन्हा आहे. बाहेरून आणण्याच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तिथल्या दुकानात उघड मिळतं म्हणून मुंबईच्या विमानतळावर चालेल असं समजू नकोस. विमानातल्या संडासातही ओढायची नाही, हे सांगायला लागू नये. विमानाच्या त्या नऊ तासांत तुझी काय अवस्था होते, त्याकडे जरा लक्ष दे. माझ्या कुठल्याही प्रश्नापेक्षा ते तुला जास्त सांगेल.

आबांनी तंबाखू सोडल्याचं तीनदा जाहीर केलं होतं. तिसऱ्यांदा त्यांची चंची गोठ्यात, पेंडीच्या पोत्यामागे मला सापडली. मी ती होती तिथे परत ठेवली आणि कुणाला बोलले नाही. आज वाटतं, बोलायला हवं होतं. निदान त्यांना लपायची गरज तरी उरली नसती. पुढे गालाच्या आत पांढरा चट्टा आला, तोही त्यांनी चार महिने असाच लपवला.

तू दहा मिनिटांत सांगितलंस. तसंच राहू दे. पुन्हा सुरू झालं तरी सांग. सोडणाऱ्यांतले बरेच जण एकदा-दोनदा घसरतात, काउंटरवर रोज बघते मी. बाबांना मी काही बोललेले नाही. ते तू सांगशील, तुला वाटेल तेव्हा.

पॉडचे फोटो मागणार नाही. मार्कर आहे का तुझ्याकडे, तेवढं कळव. नसेल तर सुशांतच्या आईबरोबर चकलीचा डबा पाठवते आहे, त्यात एक टाकते.

तुझी,
आई