सिंकखालचं भोक

मॉड्युलर किचन नवंकोरं असतं, तरी महिनाभरात ट्रॉलीत झुरळं दिसतात. टॉर्च घेऊन सिंकखालचं कपाट उघडा. सुताराने 40 मिलिमीटरच्या पाइपसाठी 65 मिलिमीटरचं भोक पाडलेलं असतं. पाइप मधोमध असला, तर भोवती बाराएक मिलिमीटरची फट उरते. लहान उंदराला पेन्सिलच्या जाडीची फट पुरते. झुरळाला त्याहून कितीतरी कमी.

अशा जागी नुसता फोम भरणं ही मोठी चूक, कारण उंदीर तो सहज कुरतडतो. भिंतीतल्या भोकात आधी स्टेनलेस स्टीलची तारेची घासणी घट्ट कोंबा, वर सिमेंट लिंपा. प्लायच्या भोकावर दोन तुकड्यांत कापलेली स्टीलची पट्टी स्क्रूने बसवा. उरलेल्या बारीक फटीत सिलिकॉन भरा. त्याआधी तेलकटपणा पुसून जागा कोरडी करा, नाहीतर ते सुटतं.

चिमणीच्या डक्टभोवतीही हेच करा. मात्र डक्टच्या तोंडाला बारीक जाळी लावू नका, ती तेलाने तुंबते. तिथे झडपेचं झाकण हवं.

फटी बुजवण्याआधी आतले उंदीर पिंजऱ्यात धरा. आठवड्याने पुन्हा टॉर्च मारा: ताज्या लेंड्या दिसल्या, तर एखादी वाट अजून उघडी आहे.