शाळेचा तीन वर्षांचा विकास आराखडा : 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात नाव कोणाचे?

मार्च १९२७ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी एक साधा हिशेब मांडला होता. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ मुले चौथीपर्यंत पोहोचतात आणि बाकीची ८२ पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी सरकारसमोर ठेवले. त्यांनी आधी मोजणी केली आणि मग मागणी केली. आज आपल्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेत नेमकी हीच मोजणी करण्याचा अधिकार कायद्याने पालकांच्या हातात दिला आहे. तो कागद म्हणजे शाळा विकास आराखडा. आपल्या बहुतेक कार्यकर्त्यांनी तो कधी मागून पाहिलेला नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक असतात, निम्म्या सदस्य महिला असतात आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. मुख्याध्यापक हे समितीचे सचिव असतात, अध्यक्ष मात्र पालकांतून निवडला जातो. कलम २२ म्हणते की या समितीने शाळेचा विकास आराखडा तयार करावा आणि सरकार किंवा स्थानिक प्राधिकरण जे नियोजन करील, जे अनुदान देईल, त्याला हाच आराखडा आधार असेल. नमुना नियमांनुसार आराखडा तीन वर्षांचा असतो, त्यात वर्षवार तीन उपआराखडे असतात आणि समिती ज्या आर्थिक वर्षात स्थापन झाली ते वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी तो तयार व्हावा लागतो. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते. म्हणजे डिसेंबरपर्यंत आराखडा हातात हवा आणि त्यासाठीची मोजणी जुलै-ऑगस्टमध्येच व्हायला हवी.

प्रत्यक्षात काय होते? आम्ही जे आराखडे पाहिले, त्यांतले बरेचसे शेजारच्या शाळेच्या कागदावरून उतरवलेले होते. पायाभूत स्थितीच्या रकान्यात 'समाधानकारक', उद्दिष्टाच्या रकान्यात '१०० टक्के गुणवत्ता', कृतीच्या रकान्यात 'जादा तास' आणि जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात 'मुख्याध्यापक, शिक्षक, पालक व ग्रामस्थ'. सगळे गावच जबाबदार असले की कोणालाच विचारता येत नाही.

आता एक शाळा घेऊन हे काम कसे करायचे ते पाहू. आकडे समजावून सांगण्यासाठी घेतले आहेत, पण मराठवाड्यातल्या ऊसतोड पट्ट्यातली कोणतीही पहिली ते पाचवीची शाळा डोळ्यांसमोर आणा. पट ६४, त्यात बौद्ध वस्तीतली मुले २७. शिक्षक दोन आणि तिसरे पद रिक्त.

पहिले काम पायाभूत स्थितीचे, म्हणजे आज नेमके कुठे उभे आहोत ते लिहिण्याचे. यू-डायसवर शाळेची माहिती मिळते, ती जरूर घ्यावी, पण तिच्यावर थांबू नये. तिथे मुलींचे शौचालय 'कार्यरत' लिहिलेले असते. पाणी येते का आणि आतून कडी लागते का, हे मुलींनाच विचारावे लागते. वाचनाचेही तसेच आहे. असर सर्वेक्षणात वापरतात ती चाचणी अगदी सोपी आहे : अक्षरे, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. एकेका मुलाला जवळ बसवून वाचायला सांगायचे आणि तो जिथे अडतो ती त्याची पातळी लिहायची. एका मुलाला पाच-सात मिनिटे पुरतात. आपल्या शाळेत तिसरी ते पाचवीची ३६ मुले आहेत. त्यांतली १४ मुले गोष्ट वाचतात, असे निघाले. पण वस्तीतल्या १५ मुलांपैकी वाचणारी फक्त ३ आणि बाकीच्या २१ पैकी ११. सरासरी काढून '३९ टक्के' लिहिले असते तर हा फरक त्या आकड्याखाली गाडला गेला असता. म्हणून आकडे वस्तीवार आणि मुले-मुली असे वेगळे मांडायचे. मात्र काळजी एवढी घ्यावी की मुलांची नावे भिंतीवर लावू नयेत आणि मागे पडलेल्यांचा वेगळा वर्ग करून वस्तीची मुले एका कोपऱ्यात बसवू नयेत. यादी शिक्षक आणि समितीकडे राहावी, बाहेर फक्त संख्या जावी.

हजेरीतही अशीच मेख आहे. ऑगस्टमध्ये रोज ५५ मुले येतात, जानेवारीत ४३. वर्षाची सरासरी बरी दिसते. पण दिवाळीच्या आसपास ९ मुले आई-बापांबरोबर कारखान्यावर जातात आणि पाडव्याच्या सुमारास परत येतात. या ९ मुलांची यादी हीच खरी पायाभूत स्थिती. वस्तीतल्या घरोघर फिरल्यावर शाळेत नावच नसलेली आणखी ४ मुले सापडतात. हे घरोघर फिरणे शाळेपेक्षा आपले तरुण चांगले करू शकतात, कारण कोणत्या घराला कधी कुलूप लागते हे त्यांना ठाऊक असते.

ही ४ मुले किती महत्त्वाची आहेत, ते शिक्षकांच्या पदाकडे पाहिले की कळते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना तीन शिक्षक. संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. चार नावे कमी झाली तर पट ६० वर येतो आणि जे पद रिक्त म्हणून मागायचे, तेच कागदावरून नाहीसे होऊ शकते. राज्याचे संचमान्यतेचे निकष मधूनमधून बदलतात, म्हणून चालू शासन निर्णय बघूनच मागणी लिहावी. पण नोंद आणि आधार पडताळणी सप्टेंबरपूर्वी पूर्ण करणे ही कृती आराखड्यात असायलाच हवी.

उद्दिष्टाच्या बाबतीत सगळ्यात जास्त चूक एका ठिकाणी होते. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी 'तिसरी ते पाचवीची किमान ३० मुले गोष्ट वाचतील आणि वस्तीचे प्रमाण इतरांपेक्षा कमी नसेल', असे उद्दिष्ट ठेवले, तर तेव्हा पाचवीत कोण असेल? आज तिसरीत असलेली मुले. चौथीत आजची दुसरी आणि तिसरीत आजची पहिली. म्हणजे तिसऱ्या वर्षाचे उद्दिष्ट आज पहिली-दुसरी-तिसरीच्या वर्गात ठरते आहे. आणि आजच्या पाचवीतली न वाचणारी ६ मुले? त्यांना तीन वर्षे नाहीत. ती एप्रिलमध्ये ही शाळा सोडून जातील आणि सहावीत जाऊन मागच्या बाकावर बसतील. म्हणून पहिल्या वर्षाच्या उपआराखड्यात दोन वेगळी उद्दिष्टे लागतात : पाचवी आणि चौथीच्या न वाचणाऱ्या मुलांना मार्चपर्यंत गोष्टीपर्यंत नेणे आणि पहिली-दुसरीत नव्याने कोणी मागे पडू न देणे. एकच '१०० टक्के' लिहिले की ही ६ मुले कागदावर दिसतसुद्धा नाहीत.

आता कृती आणि माणूस. स्थलांतराचे उदाहरण घेऊ. कृती आहे हंगामी वसतिगृह, म्हणजे आई-वडील तोडीला गेले तरी मूल गावातच आजी-आजोबांकडे राहील आणि त्याच्या जेवणाची व्यवस्था शाळा व्यवस्थापन समिती चालवील. यासाठी सर्वेक्षण आणि प्रस्ताव मुले जाण्यापूर्वी जावा लागतो. प्रस्ताव उशिरा गेला तर मंजुरी येईपर्यंत टोळ्या निघून गेलेल्या असतात. म्हणून आराखड्यात असे लिहायचे : 'ऑगस्टअखेर यादी, वस्तीतल्या अमुक आईने, जी समितीची सदस्य आहे, घरोघर जाऊन करायची. १५ सप्टेंबरपर्यंत प्रस्ताव मुख्याध्यापकांनी केंद्रप्रमुखांमार्फत पाठवायचा. पोच अध्यक्षांनी सभेत दाखवायची.' मुलाला सोबत न्यावेच लागले तर निघण्यापूर्वी शिक्षण हमी कार्ड त्याच्या हातात द्यायचे, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेत त्याला बसता येईल. ते कोण देणार? वर्गशिक्षक, नावासह. प्रत्येक ओळीत एक माणूस, एक तारीख आणि काम झाल्याचा एक पुरावा. याहून जास्त काही लागत नाही.

दोन गोष्टी अनुभवाने शिकाव्या लागतात. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या होतात, म्हणून नावाबरोबर पदही लिहावे आणि बदलीच्या वेळी मुलांची पातळी-यादी नव्या शिक्षकाकडे दिल्याची नोंद घ्यावी, नाहीतर दुसऱ्या वर्षी पुन्हा शून्यापासून सुरुवात होते. दुसरी गोष्ट आपल्याविषयी आहे. विहारात संध्याकाळी अभ्यासवर्ग चालवणे ही आपल्या तरुणांची जबाबदारी म्हणून लिहिता येते. वर्गात शिकवणे ही लिहिता येत नाही, ते शिक्षकाचे काम आहे आणि त्याच्याच नावावर राहिले पाहिजे. आपण उत्साहाने सगळे अंगावर घेतो आणि मग रिक्त पदाची मागणीच मागे पडते.

पैशाचे लवकर सांगतो. समग्र शिक्षेतून मिळणारे संयुक्त शाळा अनुदान ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत असते आणि त्यातला किमान १० टक्के खर्च स्वच्छतेवर करायचा असतो. त्यात नळदुरुस्ती, कडी, खडू, वाचनाची पुस्तके बसतात. वर्गखोली बसत नाही. खोली, संरक्षक भिंत, रिक्त पद या मागण्या वर्षवार खर्चासह वेगळ्या लिहाव्या आणि जे ग्रामपंचायतीकडून होण्यासारखे आहे ते ग्रामसभेत ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालून घ्यावे. दोन्ही कागदांत एकच काम, एकच रक्कम दिसली पाहिजे.

समितीची सभा दर महिन्याला व्हावी लागते. ती सकाळी अकराला ठेवली की मजुरीला जाणारी आई येत नाही आणि नंतर रजिस्टरवर तिचा अंगठा घेतला जातो. सभा संध्याकाळी सातला ठेवा, असा ठराव पहिल्याच बैठकीत करून घ्यावा. जयंतीच्या वर्गणीची बैठक आपल्याकडे रात्री बारापर्यंत चालते, तेव्हा वेळ नाही असे म्हणायला आपल्याला जागा नाही.

गावात आराखडा आहे का, हेच माहीत नसेल तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचे शुल्क भरून तीन गोष्टींची प्रत मागावी : चालू तीन वर्षांचा आराखडा, तो मंजूर झालेल्या सभेचे इतिवृत्त आणि गेल्या वर्षीच्या अनुदानाचा खर्च. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. आराखडा नाहीच असे लेखी उत्तर आले, तर कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार करता येते आणि तिच्यावर तीन महिन्यांत निर्णय व्हावा लागतो. जूनमध्ये अर्ज टाकला तर उत्तर जुलैत येते, म्हणजे मोजणीच्या वेळेवर.