फायदा दिसला की सावध, तोटा दिसला की जुगार!

समजा, तुम्हाला १००० रुपये दिले. आता निवडा: आणखी ५०० नक्की घ्यायचे, की नाणं उडवायचं? छापा आला तर आणखी १०००, काटा आला तर काहीच नाही.

दुसरा प्रश्न. आधी २००० दिले. आता ५०० नक्की परत करायचे, की नाणं उडवायचं? छापा आला तर काहीच द्यायचं नाही, काटा आला तर १००० जाणार.

डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९च्या शोधनिबंधात हेच प्रश्न इस्रायली चलनात मांडले होते. पहिल्यात ८४ टक्के लोकांनी नक्की रक्कम निवडली, दुसऱ्यात ६९ टक्क्यांनी जुगार.

पण हिशेब करा. दोन्हीकडे नक्कीचा पर्याय म्हणजे हातात १५००, आणि नाण्याचा पर्याय म्हणजे १००० किंवा २०००. बदलली फक्त मांडणी.

२००० हातात आले की आपण तिथून खाली मोजतो. मग ५०० देणं तोटा वाटतं, आणि तोटा तेवढ्याच फायद्यापेक्षा जास्त बोचतो. शिवाय १००० गेल्याचं दुःख ५०० गेल्याच्या दुप्पट नसतं, म्हणून नक्कीच्या तोट्याऐवजी जुगार बरा वाटतो.

म्हणून ‘मिळतील’ की ‘जातील’ हे बाजूला ठेवा. शेवटी हातात किती उरेल, ते आधी मोजा.