‘लीड’ म्हणजे काय, ते आधी लिहून द्या

सांगलीतली एक छोटी कंपनी घरांच्या छपरांवर सोलर पॅनेल बसवून देते, असं समजू. सांगली, कोल्हापूर आणि सातारा हे तिचे तीन जिल्हे. फेसबुक आणि गूगलवरच्या जाहिरातींचं काम तिने एका एजन्सीला दिलं आहे. महिनाअखेरीला एजन्सीकडून रंगीत आलेखांची पीडीएफ येते. जाहिरातींवर खर्च ३ लाख रुपये, मिळालेल्या लीड ६००, म्हणजे एका लीडला ५०० रुपये. एजन्सीची फी वेगळी.

कार्यालयात फोन घेणाऱ्या बाईंनी मात्र स्वतःची वही ठेवली आहे. त्या महिन्यात जाहिरात बघून चौकशी केलेली, ज्यांच्याशी खरोखर बोलणं झालं अशी माणसं तिच्यात २४० आहेत. कंपनी काल्पनिक आहे आणि आकडेही समजुतीसाठी घेतलेले आहेत, पण ६०० आणि २४० यांच्यामधली प्रत्येक गळती या व्यवहारात नेहमीची आहे. म्हणून ती सावकाश बघू.

एजन्सीच्या ६०० मध्ये तीन गोष्टींची बेरीज होती: भरलेले फॉर्म २४०, व्हॉट्सॲपवर सुरू झालेले संवाद २१० आणि वेबसाइटवरच्या ‘कॉल करा’ बटणावर पडलेली बोटं १५०. फॉर्मपैकी ३८ त्याच नंबरांवरून पुन्हा भरलेले होते आणि २२ नंबर चुकीचे किंवा बंद होते. उरले १८०. व्हॉट्सॲपवरच्या २१० पैकी १३० जणांनी तयार आलेला पहिला संदेश तेवढा पाठवला आणि नंतर उत्तरच दिलं नाही. उरले ८०. कॉलचं बटण दाबलं की फोनवर नंबर उघडतो. पुढे तो लावला की नाही, हे ते बटण सांगत नाही. खरोखर बोलणं झालं ४० जणांशी. असे झाले ३००. त्यांतल्या ४४ जणांनी दोन वाटांनी चौकशी केली होती, म्हणून ते दोनदा मोजले गेले होते. १६ जण तीन जिल्ह्यांबाहेरचे होते. उरले २४०. एका चौकशीचा खर्च ५०० नव्हे, १,२५० रुपये.

यात एजन्सी खोटं बोललेली नाही. तिच्या लेखी बटणाला लागलेलं बोट हीसुद्धा लीडच होती. करारात ‘दरमहा लीडचा अहवाल दिला जाईल’ एवढंच वाक्य होतं आणि लीड म्हणजे काय, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. जो शब्द कोणी ठरवून ठेवत नाही, त्याचा अर्थ अहवाल लिहिणारा ठरवतो. कराराचं नूतनीकरण आलं तेव्हा कंपनीने सही करण्याआधी एजन्सीला पत्र लिहिलं. त्याचा मुख्य भाग असा:

“सप्रेम नमस्कार. नव्या वार्षिक कराराचा आपला मसुदा मिळाला. सही करण्यापूर्वी दोन गोष्टी करारातच याव्यात, अशी आमची विनंती आहे.

पहिली, अहवालात येणाऱ्या प्रत्येक मोजमापाची व्याख्या परिशिष्टात लिहावी. आमचा प्रस्ताव असा: लीड म्हणजे सांगली, कोल्हापूर वा सातारा जिल्ह्यातील अशी व्यक्ती, जिने फॉर्म, व्हॉट्सॲप किंवा फोनद्वारे चौकशी केली, जिचा नंबर चालू आहे आणि जिच्याशी आमचे किमान एकदा बोलणे झाले. एक मोबाइल नंबर तीस दिवसांत एकदाच मोजावा. बटणावरील क्लिक आणि उत्तर न आलेले संवाद वेगळ्या रकान्यात दाखवावेत. त्यांची लीडमध्ये बेरीज करू नये. व्याख्या बदलायची असल्यास आधी लेखी संमती घ्यावी आणि बदलाच्या महिन्यात जुना व नवा असे दोन्ही आकडे द्यावेत.

दुसरी, मूळ डेटा आम्हाला थेट बघता यावा. जाहिरातींची खाती आमच्या मालकीची असावीत आणि आपण त्यात व्यवस्थापक म्हणून काम करावे. लीडची मूळ यादी, तारीख, वेळ व जाहिरातीच्या नावासह, दर आठवड्याला आम्हाला मिळावी. करार संपल्यावर खाती आणि त्यांतील इतिहास आमच्याकडेच राहावा.”

दोन्ही मागण्या एकाच पत्रात का, हे फेसबुकच्या एका जुन्या चुकीवरून नीट कळतं. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकने मान्य केलं की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला गेला, याचा आकडा ते सुमारे दोन वर्षं फुगवून देत होते. व्याख्या लिहिलेली होती: पाहण्याचा एकूण वेळ भागिले व्हिडिओ सुरू झालेली सगळी माणसं. प्रत्यक्षात भागाकार होत होता तो फक्त तीन सेकंद किंवा त्याहून जास्त पाहणाऱ्यांनी. समजा, १०० जणांसमोर व्हिडिओ सुरू झाला. ६० जण एका सेकंदात पुढे सरकले आणि ४० जणांनी तो दहा सेकंद पाहिला. एकूण वेळ ४६० सेकंद. शंभरांनी भागलं तर सरासरी ४.६ सेकंद, चाळिसांनी भागलं तर ११.५. जाहिरातदार न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये ४ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

व्याख्या लिहिलेली होती, म्हणूनच ही चूक आहे असं बोट ठेवून म्हणता आलं. पण भागाकार बाहेरच्या कोणाला करून बघता येत नव्हता, म्हणून ती इतका काळ टिकली. सांगलीच्या कंपनीचंही तेच आहे. व्याख्या मिळाली आणि यादी मिळाली नाही, तर एजन्सीच्या बेरजेवर विश्वास ठेवावा लागतो. यादी मिळाली आणि व्याख्या नसली, तर त्या यादीतलं काय मोजायचं यावर दर महिन्याला वाद होतो.

आता ‘मूळ डेटा’ म्हणजे नक्की काय? प्रत्येक क्लिकमागच्या माणसाचं नाव गूगल किंवा फेसबुक कोणालाच देत नाहीत, त्यामुळे ते मागून उपयोग नाही. मिळू शकतं ते असं: जाहिरात खात्यातला रोजचा, जाहिरातवार खर्च आणि क्लिक, भरलेल्या फॉर्मची यादी, कॉलची नोंद, आणि वेबसाइटवरच्या हालचालींची गूगल ॲनालिटिक्समधली नोंद. खातं एजन्सीच्या नावाने उघडलेलं असेल तर करार संपताच हे सगळं तिच्याकडे राहतं. गूगलच्या जाहिरात खात्याला दहा अंकी क्रमांक असतो. ते खातं ग्राहकाने स्वतः उघडून एजन्सीच्या व्यवस्थापक खात्याशी जोडता येतं, आणि नंतर जोडणी काढली तरी खातं ग्राहकाचंच राहतं. म्हणून प्रवेश देताना आपल्या नावापुढे `Admin` लिहिलेलं आहे की `Read only`, हे बघून घ्यावं. नुसतं बघण्यापुरता प्रवेश असेल तर एजन्सीला काढण्याचा अधिकार आपल्याकडे नसतो.

डेटाला मुदतही असते, म्हणून पत्रात ‘दर आठवड्याला’ हे शब्द आहेत. फेसबुकच्या फॉर्ममधून आलेल्या लीड नव्वद दिवसांपर्यंतच उतरवून घेता येतात. गूगल ॲनालिटिक्सच्या मोफत आवृत्तीत तपशीलवार नोंदी आपण काही केलं नाही तर दोन महिनेच राहतात. सेटिंग बदललं तर चौदा महिने. वर्षअखेरीला भांडण झालं आणि तेव्हा मूळ नोंदी मागितल्या, तर एजन्सीची इच्छा असूनही त्या सापडणार नाहीत.

विक्रीच्या श्रेयाचा प्रश्न याहून किचकट आहे. एखाद्या गृहस्थाने सोमवारी फेसबुकवरच्या जाहिरातीवर क्लिक केलं, गुरुवारी गूगलवर शोधून तिथल्या जाहिरातीवर क्लिक केलं आणि शनिवारी फॉर्म भरला. फेसबुक सहसा क्लिकनंतरचे सात दिवस मोजतं, गूगल तीस दिवस. त्यामुळे दोघेही हा गृहस्थ आपापल्या खात्यावर लिहितात. आपापल्या नियमाने दोघेही बरोबर आहेत, पण त्यांची बेरीज चुकीची आहे. यावर पक्का उपाय नाही. करारात एवढं लिहिता येतं की एकूण लीड आणि विक्री कंपनीच्या वहीवरून मोजल्या जातील, आणि गूगल व फेसबुकचे आकडे मुदतीसह शेजारी दाखवले जातील, पण एकमेकांत मिळवले जाणार नाहीत.

एजन्सीच्याही काही हरकती रास्त असतात. नंबर चालू आहे की नाही, बोलणं झालं की नाही, हे कंपनीकडेच कळतं. कार्यालयाने तीन दिवस फोनच केला नाही आणि मग गिऱ्हाईक थंडावलं, तर तो दोष जाहिरातीचा नव्हे. म्हणून आमच्या उदाहरणातल्या एजन्सीने उलट अट घातली: लीड आल्यापासून चोवीस तासांत कंपनीने फोन करावा आणि निकाल यादीतच नोंदवावा, न नोंदवलेली लीड खरी धरली जाईल. कंपनीने ती मान्य केली. यादीत लोकांची नावं आणि नंबर असल्यामुळे आणखी एक कलम आलं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार काम एजन्सीकडून करून घेतलं तरी जबाबदारी कंपनीवर राहते. म्हणून यादी कोण बघणार आणि करारानंतर एजन्सी ती कधी पुसणार, हेही ठरलं.

प्रवेश मिळाल्यावर पहिली तपासणी सोपी आहे. महिन्याच्या त्याच तारखा निवडून खात्यातला खर्च बिलाशेजारी ठेवायचा. खात्यात दिसणाऱ्या खर्चात १८ टक्के जीएसटी धरलेला नसतो, तेवढा फरक अपेक्षित आहे. त्याहून जास्त असेल तर तो कशाचा, हे विचारायचं.

दुसऱ्या तपासणीसाठी आपण सुरुवातीच्या महिन्याकडे परत जाऊ. ३ लाखांपैकी फॉर्मच्या जाहिरातींवर १ लाख ४४ हजार, व्हॉट्सॲपच्या जाहिरातींवर ८४ हजार आणि कॉलच्या जाहिरातींवर ७२ हजार खर्च झाले होते. जुन्या मोजणीत फॉर्मची लीड ६०० रुपयांना, कॉलची ४८० ला आणि व्हॉट्सॲपची ४०० ला पडत होती. साहजिकच अहवालाच्या शेवटी शिफारस होती: पुढच्या महिन्यात फॉर्मचं बजेट कमी करून व्हॉट्सॲपकडे वळवावं. गळती काढल्यावर, म्हणजे १८०, ८० आणि ४० हे आकडे घेतल्यावर, फॉर्म ८०० रुपयांना पडतो, व्हॉट्सॲप १,०५० ला आणि कॉल १,८०० ला. सगळ्यात महाग दिसत होती तीच वाट सगळ्यात स्वस्त होती. शिफारस मानली असती तर कंपनीने पुढच्या महिन्यात आणखी पैसे घालून लीडचा आकडा वाढवला असता, आणि बाईंच्या वहीतली माणसं कमी झाली असती.