शाळेची यादी करू, पण नंबर कोणाला दाखवायचा?

कुंभिवलीसारख्या गावात शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची वेबसाइट करायचं ठरलं, की पहिलं काम असतं सभासदांची यादी. नाव, गाव, मोबाइल असे रकाने आखले जातात. बायकांचं कोडं इथेच सुरू होतं.

समजा, 1998 साली सातवी झालेली एक मुलगी लग्न होऊन पनवेलला गेली. मैत्रिणीला तिचं माहेरचंच नाव ठाऊक. म्हणून यादीत माहेरचं नाव, आताचं नाव आणि शाळा सोडल्याचं वर्ष असे तीन वेगळे रकाने हवेत. शोध माहेरच्या नावानेही लागला पाहिजे. मात्र आताचं नाव आणि गाव दाखवायचं की नाही, हे तिने ठरवायचं.

त्यासाठी प्रत्येक रकान्यापुढे तीन पर्याय ठेवू: सगळ्यांना दिसेल, फक्त सभासदांना दिसेल, कोणालाच दिसणार नाही. मोबाइल नंबर सुरुवातीला 'कोणालाच नाही' यावरच असावा. ज्यांना दाखवायचा त्या स्वतः बदलतील. न विचारता आधी उघडा ठेवला, तर बऱ्याच जणींना तो दिसतोय हे कळणारही नाही. मग मैत्रीण बोलणार कशी? नावाखाली 'निरोप पाठवा' असं बटण ठेवायचं. निरोप तिच्यापर्यंत जातो, नंबर जात नाही. उत्तर द्यायचं की नाही, तिची मर्जी.

पण 'फक्त सभासदांना' याला अर्थ तेव्हाच, जेव्हा सभासद खरे असतील. नवीन नाव आलं, की त्याच वर्गातल्या दोघांनी 'हो, आमच्याबरोबर होती' असं सांगितल्यावरच आत घ्यावं.

मेळाव्याच्या पानावर तारीख, वेळ, ठिकाण सगळ्यांना दिसू द्या. कोण कोण येणार ही यादी मात्र समितीपुरतीच ठेवा. त्या दिवशी कोणाचं घर बंद असेल, हे परक्याला कशाला कळावं?

सगळं झालं, की तपासून पाहा. जो मोबाइल सभासद म्हणून आत गेलेलाच नाही, त्यावर पान उघडा आणि आपलं नाव शोधा. नंबर दिसला, तर कुलूप लागलेलं नाही. दुसरी गळती वेबसाइटबाहेर असते. माहिती गोळा करायला केलेली शीट 'लिंक असलेल्या कोणालाही' उघडी राहिली, तर फिरत फिरत ती लिंक कुठेही पोचते. ती बंद करा.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती हा पाया आहे आणि दिलेली संमती मागे घेता येते. म्हणून फॉर्मवरच लिहा: माहिती कशासाठी घेतो आणि काढून टाकायची तर कोणाला सांगायचं. कोणी 'माझं नाव काढा' म्हणाली, तर वेबसाइटवरून, शीटमधून आणि समितीच्या मोबाइलमधल्या प्रतींतूनही काढायचं. एवढ्यानेही एक गोष्ट थांबत नाही. आत आलेल्या सभासदाने पडद्याचा फोटो काढला, तर कोणतंही बटण त्याला अडवू शकत नाही. म्हणून जे पसरलेलं चालणार नाही, ते यादीत घालूच नये.