डी ड्राइव्ह रिकामा, तरी जागा अपुरी

डी ड्राइव्हवर पन्नास-साठ जीबी मोकळे असतात, प्रोग्रॅमच्या माहितीत गरज सात जीबीची लिहिलेली असते, आणि तरी विंडोजवर इन्स्टॉल करताना अर्ध्यावर संदेश येतो: डिस्कवर पुरेशी जागा नाही. आपण ड्राइव्ह पुन्हा पाहतो, तर जागा आहे तशीच! हा संदेश बहुतेक वेळा खरा असतो. फक्त तो डी ड्राइव्हबद्दल नसतो.

समजा, तीन जीबीची सेटअप फाइल सी ड्राइव्हच्या डाउनलोड्समध्ये आहे. तिच्यात फाइल्स दाबून भरलेल्या असतात. पुष्कळसे सेटअप त्या आधी टेम्प फोल्डरमध्ये सोडवतात आणि मगच आपण निवडलेल्या जागी त्यांची नक्कल करतात. टेम्प फोल्डर मूळचा सी ड्राइव्हवरच, आपल्या खात्याच्या `AppData\Local\Temp` मध्ये असतो. म्हणजे आपण डी निवडला तरी सीवर डाउनलोडचे तीन आणि सोडवलेले सात, असे दहा जीबी लागतात. सगळेच सीवर बसवायचे असेल, तर काही काळ सतरा. छापलेले सात जीबी म्हणजे काम संपल्यावर उरणारा आकार. वाटेतल्या गरजेचा आकडा कंपन्यांनी त्याच्याशेजारी छापायला हवा, असे मला ठामपणे वाटते.

पॅचचे दुखणे थोडे वेगळे. पॅच मध्येच फसला तर जुनी आवृत्ती परत आणता यावी, म्हणून बदलायच्या फाइल्स आधी बाजूला जपून ठेवल्या जातात. त्यामुळे छोटा पॅचही एखाद्या अवाढव्य फाइलला हात लावणार असेल, तर जुनी आणि नवी अशा दोन्ही प्रती काही वेळ एकत्र नांदतात.

कारण हेच आहे का, ते पाहणे सोपे आहे. इन्स्टॉल चालू असताना ‘धिस पीसी’ उघडून एफ-५ दाबत सी ड्राइव्हकडे लक्ष ठेवा. मोकळी जागा झरझर घटेल. संदेश येऊन सेटअप बंद झाला की तो सहसा आपला पसारा आवरतो आणि जागा परत येते. म्हणूनच नंतर पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही.

सी साफ करणे जमत नसेल, तर त्या एका वेळेपुरता टेम्पचा पत्ता बदलता येतो. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा, सेटअप फाइल डीवर हलवा आणि लिहा:

```
mkdir D:\temp
set TEMP=D:\temp
set TMP=D:\temp
D:\setup.exe
```

सेटअप याच खिडकीतून सुरू करायला हवा. फाइलवर डबल-क्लिक केले, तर तो जुन्याच पत्त्यावर जातो. काही सेटअप मात्र टेम्पला न विचारता स्वतःचा ठरलेला फोल्डर वापरतात. शिवाय विंडोज इन्स्टॉलर पुढच्या दुरुस्तीसाठी आपली प्रत `C:\Windows\Installer` मध्ये ठेवतो, ती या युक्तीने हलत नाही. तिथल्या फाइल्स हाताने पुसू नका. पुढे तोच प्रोग्रॅम काढताना किंवा त्यावर पॅच बसवताना त्या लागतात.