तिसऱ्या दुरुस्तीनंतरचा निरोप

लोगोच्या तीन दुरुस्त्या झाल्या आणि मसाले विकणाऱ्या ग्राहकाचा निरोप आला: ‘रंग जरा बदला, बरणीचं लेबलही त्यातच करून टाका.’ फ्रीलान्स डिझायनरने चिडण्याआधी कोटेशन उघडावं. रंग ही चौथी दुरुस्ती, लेबल हे सरळ नवं काम. दोन्हींचे पैसे वेगवेगळे सांगावेत:

‘नमस्कार सर, तिसऱ्या फेरीतले बदल करून फाइल पाठवली आहे. १२,००० रुपयांच्या कोटेशनमध्ये लोगो आणि तीन फेऱ्या होत्या. त्या पूर्ण झाल्या. नव्या रंगाचे १,५०० आणि लेबलचे ५,००० रुपये वेगळे होतील. आपला होकार आला की काम सुरू करतो. आहे तोच लोगो ठेवायचा असल्यास अंतिम फाइल आजच देतो.’

यातलं शेवटचं वाक्य मला सर्वांत कामाचं वाटतं. जादा पैसे न देताही काम संपवायची वाट ग्राहकाला मोकळी राहते, म्हणून मागणी अडवणूक वाटत नाही. माफी मागायची तर गरजच नाही.

मात्र दुकानाचं नाव डिझायनरनेच चुकीचं टाकलं असेल, तर ती दुरुस्ती फेरीत मोजू नये. आणि कोटेशनमध्ये फेऱ्यांचा आकडाच नसेल, तर या निरोपाला आधार उरत नाही. ही फेरी फुकट करून पुढची मर्यादा तेव्हाच लेखी ठरवावी.